काळोख, आणि मग दवाखाना

आमच्या नाटकाच्या लेखकाने पहिल्या प्रवेशाच्या शेवटी एवढंच लिहिलं होतं: ‘काळोख. प्रकाश येतो तेव्हा दवाखाना.’

लिहायला त्याला फार तर पाच सेकंद लागली असतील. ती पाच सेकंदं निस्तरण्यात माझे अडीच महिने गेले.

हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या अक्षरामुळे. नाटक दोन अंकी, आठ प्रवेशांचं आणि तीन ठिकाणांचं: घर, दवाखाना, बसस्थानक. दिग्दर्शक म्हणाले, “तुमचं अक्षर सुवाच्य आहे. रंगसूचना आणि रनिंग ऑर्डर तेवढी लिहून काढा. कोण कुठून येतो, काय कधी हलतं, दिवे कधी जातात. दोन-तीन पानांचं काम आहे.” मी हो म्हणालो. माणूस कुठल्या क्षणी फसला हे नेमकं सांगता येतं अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक.

सुरुवात डाव्या-उजव्यापासून झाली. दिग्दर्शक प्रेक्षागृहात बसून “उजवीकडे जा” म्हणत. आई मुकाट्याने त्यांच्या उजवीकडे जाई, वडील स्वतःच्या उजवीकडे जात, आणि ज्या जोडप्याने भांडणानंतर जवळ यायचं ते रंगमंचाच्या दोन टोकांना उभं राही. (नटांना मी त्यांच्या भूमिकांच्याच नावाने ओळखतो. अडीच महिने तक्त्यात तीच नावं लिहिल्यावर खरी नावं विसरायला होतात.) नाटकवाल्यांचा नियम साधा आहे: प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या नटाची डावी ती डावी, उजवी ती उजवी. मी तो प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिला. दिग्दर्शकांनी तो वाचला, मान डोलावली आणि शेवटच्या तालमीपर्यंत स्वतःचीच उजवी वापरली. सगळे मनातल्या मनात उलट करून घ्यायला शिकले. फक्त वडील कधीकधी दोनदा उलट करत.

पण खरा विषय तो नाही. खरा विषय सोफा आहे.

प्रवेशांचा क्रम असा: घर, दवाखाना, घर, बसस्थानक. मध्यंतर. घर, दवाखाना, बसस्थानक, आणि शेवटी परत घर. मध्यंतरातला बदल पडद्याआड, आरामात. उरले सहा बदल, आणि तेही काळोखात, प्रेक्षक समोर बसलेले असताना. पहिल्या तालमीत पहिला बदल घड्याळ लावून मोजला. एक मिनिट दहा सेकंदं. सहा बदलांचे झाले सात मिनिटं. म्हणजे प्रेक्षकांनी सात मिनिटं काळोखात बसून फर्निचर सरकल्याचे आवाज ऐकायचे. दिग्दर्शक म्हणाले, “वीस सेकंदांत बसवा. तेवढं संगीत आहे आपल्याकडे.”

माझा पहिला तक्ता मी अजून जपून ठेवलाय. त्यात लिहिलंय: ‘सोफा, टीपॉय बाहेर. खाट, स्टूल, सलाईनचा स्टँड आत.’ वाचायला काय सुटसुटीत! सामान हलवायला तिघं होते. दोन पोरं, ज्यांना आम्ही थोरला आणि धाकटा म्हणत असू, आणि तिसरा शेजारी. म्हणजे नाटकातला शेजारी. त्याला दवाखान्यात काम नव्हतं, म्हणून बदलाला जुंपलेला. मी स्वतः विंगेत संहिता घेऊन क्यू, म्हणजे इशारे, द्यायला, त्यामुळे माझे हात अडकलेले.

दिवे गेले आणि तिघंही सोफ्याकडे धावले. कारण तक्त्यात सोफा पहिला होता. खाटेकडे कोणीच गेलं नाही. मग एकदम लक्षात येऊन तिघंही खाटेकडे गेले, आणि सोफा रंगमंचाच्या मध्यावर एकटाच राहिला, वडील त्यावर बसलेले. वडिलांना तर पुढच्या प्रवेशात खाटेवर असायला हवं होतं. ते काळोखात हळूच म्हणाले, “मला कोण नेणार आहे?”

माझी चूक अशी की मी सामानाची यादी केली होती, आणि सामान स्वतः चालत नाही. मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला माणूस लिहिला. थोरला आणि धाकटा: सोफा. शेजारी: खाट. दुसऱ्या खेपेला तिघंही बरोबर आपापल्या वस्तूकडे गेले, आणि सोफा बाहेर जाताना व खाट आत येताना डाव्या विंगेच्या तोंडाशी समोरासमोर आले. त्या तोंडाची रुंदी मी दुसऱ्या दिवशी मोजली. साडेतीन फूट. खाट तीन फूट रुंद. सोफा लांबीच्या बाजूने कसाबसा जाणारा. अरुंद पुलावरच्या दोन बकऱ्यांसारखा प्रकार. धाकटा म्हणाला, “आधी आम्हाला जाऊ द्या,” शेजारी म्हणाला, “माझी खाट चाकांवर आहे, मागे नेली तर वळेल,” आणि हा सगळा संवाद हळुवार बासरीच्या पार्श्वसंगीतावर झाला.

तेव्हा कळलं की ओळीत वाटही लिहायला हवी. सोफा डावीकडून बाहेर, खाट उजवीकडून आत. वेळ पंचेचाळीस सेकंदांवर आली. तरी कुठेतरी गळती होती. मी घड्याळ घेऊन नुसता थोरल्याकडे बघत बसलो, बाकी कोणाकडे नाही. सोफा बाहेर ठेवला, रिकाम्या हाताने परत आला, टीपॉय उचलली, डावीकडे नेली, मग मागच्या पडद्याआडून धावत उजव्या विंगेत गेला, तिथून स्टूल घेऊन आला. निम्मा वेळ तो रिकाम्या हाताने पळत होता.

त्यानंतर सामान विंगांमध्ये नव्याने वाटलं. स्टूल आणि सलाईनचा स्टँड उजवीकडून काढून डाव्या विंगेत, सोफा जिथे टेकणार तिथेच बाजूला. म्हणजे थोरला-धाकटा सोफा ठेवतात आणि त्याच हाताने एक जण स्टूल, एक जण स्टँड घेऊन परततात. शेजारी उजवीकडून खाट ढकलत आणतो आणि जाताना टीपॉय घेऊन जातो. कोणीही रिकाम्या हाताने विंग ओलांडायची नाही, एवढ्या एका अटीवर सगळं बसलं. घराकडे परतताना हेच उलट: शेजारी टीपॉय आणतो, खाट नेतो, पोरं स्टूल-स्टँड नेतात, सोफा आणतात. एकच सांभाळायचं: दवाखान्याकडे जाताना सोफा उचलला गेल्याशिवाय खाट हलवायची नाही, कारण खाटेची वाट सोफ्याच्या जागेतूनच जाते. वेळ चोवीस सेकंद. टीपॉयवरची फुलदाणी चिकटवून टाकल्यावर एकवीस. शेजारी ती दर वेळी आधी खाली ठेवत असे, माणूस संस्कारी.

वडिलांचे कपडे राहिलेच. घरात शाल आणि दवाखान्यात रुग्णाचा अंगरखा. वीस सेकंदांत कपडे बदलणं आणि खाटेवर मरणोन्मुख दिसणं दोन्ही जमेना. शेवटी अंगरखा आधीच शालीखाली घातला, आणि त्यांच्या ओळीत लिहिलं: ‘शाल काढा, धाकट्याकडे द्या, खाट थांबली की आडवे व्हा.’ ‘खाट थांबली की’ हे नंतर घातलं. का, ते विचारू नका.

बरं, खाट थांबली म्हणजे थांबलीच असंही नाही. दवाखान्याच्या प्रवेशात आई खाटेला टेकून रडते. एका तालमीत ती टेकली आणि खाट सावकाश उजवीकडे निघाली. आई रडत रडत तिच्यामागे. वडील डोळे मिटून पडलेले, त्यांना वाटलं दिग्दर्शकांनी काहीतरी नवीन बसवलंय. शेजारी मला म्हणाला, “ब्रेक लावा असं कुठे लिहिलंय?” खरंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक ओळीच्या शेवटी वस्तू कुठल्या अवस्थेत सोडायची तेही आलं: ‘खाट, खुणेवर, उशी डावीकडे, चाकांचे ब्रेक लावलेले.’ दोन पानांचा तक्ता अकरा पानांवर गेला.

बसस्थानकाच्या बाकाने वेगळाच धडा दिला. तो बाक डाव्या विंगेत मागे ठेवला होता. तिसऱ्या बदलात सोफा बाहेर, बाक आत. सोफा बाहेर गेला आणि बाकाच्या पुढ्यात नीट जाऊन बसला. मग आत कोंडलेला बाक सोफ्यावरून उचलून काढावा लागला. रंगमंचाचे आठ नकाशे मी हौसेने काढले होते, पण विंगांचा एकही नव्हता. प्रेक्षकांना जे दिसत नाही ते कागदावर कशाला, असा माझा हिशेब. आता प्रत्येक प्रवेशाला तीन नकाशे झाले: डावी विंग, मधला रंगमंच, उजवी विंग. लग्नघरातल्या खोलीसारखं असतं हे. शेवटी आत आलेली बॅग पहिली बाहेर निघते. बाक शेवटी उभा करून विंगेच्या पुढच्या कापडाआड ठेवला, तेव्हा कुठे सुटला.

हे सगळं उजेडात. उजेडात एकवीस सेकंदांत बसलेला बदल काळोखात पहिल्यांदा केला, तर दीड मिनिट. भगभगीत दिव्यांतून एकदम काळोखात आलेल्या डोळ्यांना काही दिसत नाही, आणि डोळे पुरते सरावायला मिनिटं लागतात. आमच्याकडे सेकंदं. थोरल्याने यावर स्वतःच तोड काढली. दिवे जाण्याआधी विंगेत तो डोळे गच्च मिटून उभा राहू लागला. पहिल्या दिवशी मला वाटलं प्रार्थना करतोय. करतही असेल.

जमिनीवर खुणांच्या चिकटपट्ट्या मी रंगाप्रमाणे लावल्या होत्या. घराला लाल, दवाखान्याला निळी, बसस्थानकाला हिरवी. तक्त्यातही त्याच रंगांच्या पेन्सिली. मला त्याचा फार अभिमान होता. काळोखात डोळ्यांना रंग कळत नाही, हे शाळेत शिकलो होतो, पण शाळेत सोफा नव्हता. तिन्ही पट्ट्या करड्या. मग प्रकाशयोजनाकाराने कीव येऊन बदलापुरता अंधुक निळा दिवा दिला. निळ्या दिव्यात लाल पट्टी काळी दिसते आणि काळ्या जमिनीवर ती दिसतच नाही. म्हणजे घर नाहीसं झालं आणि दवाखाना ठळक राहिला. अर्थ काढणाऱ्याने काढावा. शेवटी सगळ्या पट्ट्या पांढऱ्या केल्या आणि आकार वेगळे ठेवले: घराला काटकोन, दवाखान्याला फुली, बसस्थानकाला सरळ रेघ.

काळोखात चमकणारी पट्टीही आणली होती. ती उजेड पिऊन मग चमकते. सोफ्याखाली झाकलेल्या पट्टीने उजेड प्यायलेलाच नसतो, त्यामुळे सोफा उचलल्यावर तिथे काहीच चमकत नाही. ती पट्टी मग खुणांवरून काढली आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेला लावली, कोणी खाली पडू नये म्हणून. तिथे ती उत्तम चमकली.

आता क्यू. बदल कितीही बसला तरी तो सुरू व्हायला दिवे वेळेवर जायला हवेत. पहिल्या प्रवेशाचं शेवटचं वाक्य होतं, “आता सगळं तुमच्याच हातात आहे.” मी पुढे लिहिलं: ‘या वाक्यावर दिवे बंद.’ वडील पाठांतरात कच्चे. वाक्य आठवलं नाही की वेळ मारून न्यायला ते दुसरं कुठलं तरी गंभीर वाक्य म्हणत, आणि त्यांचं सगळ्यात आवडतं गंभीर वाक्य हेच होतं. एका तालमीत नवव्या पानावर ते अडकले, आईकडे बघून खोल आवाजात म्हणाले, “आता सगळं तुमच्याच हातात आहे,” आणि दिवे गेले. सोफा वडिलांसकट उचलला गेला. आईचं निम्मं स्वगत दवाखान्यात झालं.

तेव्हा क्यू कृतीला बांधला: ‘वडील चष्मा काढून टीपॉयवर ठेवतात. चष्मा टेकला की.’ आणि खाली पर्याय: ‘चष्मा नसेल तर मी हात खाली करीन तेव्हा.’ चष्मा दोनदा नव्हता.

क्यूचे आकडेही मी भोळेपणाने एक, दोन, तीन असे सलग दिले होते. दिग्दर्शकांना चौदा आणि पंधराच्या मध्ये विजेचा कडकडाट सुचला. मी पुढचे सगळे आकडे एकाने वाढवले, पण दिवेवाल्याच्या प्रतीत नाही वाढवले. पुढच्या तालमीत माझ्या सव्वीसवर त्याने त्याचा सव्वीस लावला आणि मध्यंतर चार पानं आधी झालं. तेव्हापासून मधला क्यू आला की चौदा-अ. आणि लिहायचं पेन्सिलने. माझ्या सुवाच्य अक्षरातला तो शाईचा तक्ता तसाच घडी करून कपाटात गेला.

क्यू देताना आधी “चौदा, तयार” असं अर्ध्या मिनिटापूर्वी सांगायचं आणि वेळ झाली की “चौदा, जा.” दिवेवाल्याच्या कानाला इअरफोन. एकदा धाकटा माझ्यापाशी आला आणि आईला पाणी हवंय म्हणाला. मी म्हणालो, “मग घेऊन जा.” दिवे गेले. ‘जा’ हा शब्द मराठीत किती वेळा येतो हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. पुढे विंगेत ‘जा’ म्हणायला बंदी झाली. लोक एकमेकांना “तिकडे हो”, “पाणी पोचव” असं म्हणू लागले. मी मात्र आकडा लावल्याशिवाय ‘जा’ म्हणणं सोडलं ते आजतागायत. घरी पाहुण्यांना निरोप देताना जरा अडतं.

अकरा पानांचा तक्ता काळोखात कोण वाचणार? म्हणून शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला फक्त त्याच्या कामाची पत्ती केली. सहा बदल, सहा पुठ्ठ्याच्या पत्त्या, कोपऱ्याला भोक पाडून एका कडीत ओवलेल्या, गळ्यात अडकवायच्या. एक बदल झाला की पत्ती उलटायची, पुढची वर येते. थोरला, धाकटा, शेजारी, वडील, सगळ्यांना. दिग्दर्शकांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, “वा.” मी विचारलं, “शेवटचा प्रवेश संपल्यावर काय? अभिवादनाचं काही लिहू का?” ते म्हणाले, “ते आयत्या वेळी बघू. सगळे येऊन उभे राहतील, त्यात काय लिहायचं?”

प्रयोगाच्या दिवशी बदल असे झाले की मला विंगेत उगीच भरून आलं. बावीस, वीस, एकोणीस. मध्यंतरानंतर एकवीस, वीस आणि पुन्हा एकोणीस. ब्रेक लागले. बाक वेळेत निघाला. चष्मा होता. शेवटच्या प्रवेशात घर, सोफा, वडील बरे होऊन परतलेले, आईशेजारी बसलेले. शेवटचा क्यू दिला, दिवे गेले, टाळ्या सुरू झाल्या. मी मनात वीस आकडे मोजले. अडीच महिन्यांची सवय, काळोख म्हटला की वीस. मग दिवेवाल्याला म्हणालो, “अभिवादन, जा.”

दिवे आले. समोर दवाखाना.

खाट बरोबर फुलीवर, उशी डावीकडे. सलाईनचा स्टँड जागेवर, स्टूल जागेवर. टीपॉय घेऊन उजवीकडे निघालेला शेजारी दिव्यात सापडला आणि फुलदाणीसकट वाकून नमस्कार करत होता. वडील अंगरखा घालून खाटेवर डोळे मिटून पडलेले. काळोख झाला, सहावी पत्ती उलटली आणि कडीत सहानंतर एक येतो. पहिल्या पत्तीवर लिहिलं होतं तेच, अगदी तसंच, सगळ्यांनी केलं. रिकाम्या हाताने कोणीही विंग ओलांडली नव्हती.

क्षणभर टाळ्या थांबल्या. मग कुठून तरी एक हुंदका ऐकू आला आणि टाळ्या दुपटीने सुरू झाल्या. वडिलांनी एक डोळा उघडून अंदाज घेतला आणि तो परत मिटला.

प्रयोगानंतर दिग्दर्शकांभोवती गर्दी होती. एक गृहस्थ त्यांचा हात धरून सांगत होते की वडील खरं तर घरी आलेच नव्हते, हे शेवटी ज्या पद्धतीने दाखवलंत ते अंगावर आलं. दिग्दर्शक गंभीरपणे मान हलवत होते. लेखक बाजूला उभा राहून तोंड उघडत होता आणि मिटत होता. गर्दी पांगल्यावर दिग्दर्शक माझ्याकडे आले.

“ते शेवटचं,” ते म्हणाले, “उद्यापासून तक्त्यात लिहून ठेवा.”

मी खिशातून पेन्सिल काढली आणि विचारलं, “किती सेकंद धरू?”

“वीस,” ते म्हणाले. “आणि खाट जरा उजवीकडे घ्या.”

“कोणाच्या उजवीकडे?”